'दुःख', 'वेदना', 'एकटेपण' काढले तर माझ्या कवितेत उरतं काय?

पहिलीवही

नमस्कार मंडळी. कविता लिहायला नुकतीच सुरुवात केली आहे. खालची कविता दोघातिघांना दाखवली. सगळे म्हणाले, "भावना पोचली, पण लक्षात काही राहिलं नाही." एकाने सल्ला दिला की अमूर्त शब्द काढून टाक आणि चित्र दे. शब्द काढायला बसले तर कविताच संपली. नेमकं काय चुकतंय आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची, ते कृपया सांगा. मोकळेपणाने चिरफाड करा.

उदास घर

मन माझे दुःखाने भरले,
एकटेपण हे छळते मजला,
आठवणींचा सागर उसळे,
वेदनेचा अंत न कळला.

तुझ्याविना हे जीवन सूने,
निराशेच्या काळोखात मी,
शोधत राहते आनंदाला,
हरवलेल्या त्या प्रेमाला मी.

आशावादी

ताई, कविता छान आहे, पण इतकं दुःख कशाला? जगात आधीच कमी आहे का? आनंदावर लिहा, निसर्गावर लिहा. वाचणाऱ्याला उभारी मिळाली पाहिजे.

बेधडक

सरळ नियम सांगतो. भाववाचक नाम दिसलं की खोडायचं. एकही ठेवायचं नाही. त्याच्या जागी विशेषणं घाला म्हणजे चित्र उभं राहतं. 'दुःख' नको, 'काळंकुट्ट, ओलंचिंब, थिजलेलं' असं काहीतरी लिहा. आठ ओळींत सात भाववाचक नामं मोजली मी: दुःख, एकटेपण, आठवणी, वेदना, निराशा, आनंद, प्रेम. जवळजवळ ओळीला एक. कविता पातळ होणारच.

शिसपेन्सिल

बेधडक यांचा हिशेब बरोबर आहे, औषध चुकलंय. 'काळंकुट्ट, ओलंचिंब, थिजलेलं' ही तीन विशेषणं कशाची? नामच नाही. विशेषणाला टेकायला वस्तू लागते. वस्तू नसताना तीन विशेषणं ठेवली तरी वाचकाला डोळ्यांसमोर धरता येईल असं काही मिळत नाही. चित्र उभं करतात ती नामं आणि क्रियापदं. विशेषण फार तर शेवटचा हात फिरवतं.

आशावादी, मुद्दा दुःखाचा नाहीच. या कवितेत सगळीकडे 'आनंद' लिहिला असता तरी आजार हाच राहिला असता.

पहिलीवही, आधी एक चाचणी करून बघा. पहिली ओळ घ्या: 'मन माझे दुःखाने भरले'. आता 'दुःखाने'च्या जागी 'भीतीने' ठेवा. मग 'रागाने'. मग 'मोदाने'. ओळ प्रत्येक वेळी तितकीच ठीक वाटते. म्हणजे ओळीतल्या बाकीच्या शब्दांनी दुःखासाठी काहीच काम केलेलं नाही. सगळा भार त्या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द म्हणजे निव्वळ निष्कर्ष. निकाल वाचून दाखवला, पुरावा दिलाच नाही.

हा दोष लिहिणाऱ्याला स्वतःहून का दिसत नाही, तेही सांगतो. तुम्ही 'दुःख' लिहिता तेव्हा तुमच्या डोक्यात एक खोली असते, एक माणूस असतो, एखादा विशिष्ट दिवस असतो. तो शब्द वाचला की ते सगळं तुमच्यापुढे उभं राहतं, त्यामुळे तुम्हाला तो शब्द भरलेला वाटतो. वाचकाकडे ती खोली नाही. त्याच्या हाती पडतात दोन अक्षरं. म्हणून कविता अनोळखी माणसाला द्या आणि तीनच प्रश्न विचारा: कोण? कुठे? काय बदललं? 'छान आहे का' हे विचारू नका. तुमच्या कवितेवर या तिन्ही प्रश्नांना आज उत्तर नाही. 'तुझ्याविना' मधला 'तू' प्रियकर असेल, आई असेल, मैत्रीण असेल, घरातलं मांजरही असेल.

गझलवेडा

थांबा थांबा. हे जरा जास्तच होतंय. कवितेत सागर आहे की! काळोख आहे! ही चित्रंच आहेत ना? शिवाय हे 'प्रतिमा द्या, भाव सांगू नका' प्रकरण बाहेरून आलेलं आहे. आपल्या परंपरेत भाव मोकळेपणाने बोलून दाखवतात. बालकवींनी 'आनंदी आनंद गडे' म्हणताना कोणाची परवानगी काढली होती?

तिसरा_कंस

सागर आणि काळोख हीच तर या कवितेतली सगळ्यात कच्ची जागा आहे. दोन्हींच्या पाठीला 'चा' आणि 'च्या' चिकटलेत: आठवणींचा सागर, निराशेच्या काळोखात. या जोड्यांची चाचणी सोपी आहे. 'चा'च्या आधीचा शब्द झाका आणि उरलेलं वाचा. 'सागर उसळे'. या कवितेत कुठे सागर आहे का? किनारा, मीठ, वारा, ओले पाय, काहीच नाही. चौथ्या ओळीत सागर पार आटलेलाही आहे. म्हणजे सागर इथे 'पुष्कळ' या अर्थाने आला. 'आठवणी पुष्कळ येतात' एवढंच म्हणायचं होतं.

उलट बाजूनेही नुकसान होतं. सागर एकटा असता तर वाचकाने तो पाहिला असता. 'आठवणींचा' हा शब्द आधी आला आणि त्याने सांगून टाकलं की हा खरा सागर नाही, बघायची गरज नाही. दुःखाचा डोंगर, अश्रूंचा पूर, विरहाचा वणवा, स्वप्नांचा चुराडा, सगळी एकाच साच्यातली मंडळी. नवकवीच्या वहीतल्या अशा जोड्या मोजाव्यात. एका पानावर दोनपेक्षा जास्त सापडल्या तर पान परत लिहायला घ्यावं.

शिसपेन्सिल

+१. अमेरिकी कवी एझ्रा पाउंड यांनी 1913 साली 'पोएट्री' मासिकात नवकवींसाठी काही 'हे करू नका' लिहिले होते, त्यात नेमकी हीच तक्रार आहे. 'शांततेचे धूसर प्रदेश' अशा धाटणीची जोडी त्यांनी उदाहरणाला घेतली आणि म्हटलं की अमूर्त आणि मूर्त असे एकत्र कालवले की प्रतिमा मंद होते.

पण गझलवेडा, 'बाहेरून आलं' हे मात्र मान्य नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त हाच मुद्दा मांडलाय: काव्यात नुसता 'शृंगार' हा शब्द आला म्हणून शृंगाराची प्रतीती होत नाही, आणि विभाव म्हणजे भाव जागवणारी वस्तू आणि अनुभाव म्हणजे तो बाहेर दाखवणारी कृती नीट आले असतील तर तो शब्द नसतानाही होते. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात रसदोषांची यादी दिली, तिची सुरुवातच यापासून आहे: व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे भाव, रस आणि स्थायी म्हणजे टिकून राहणारे भाव यांचा त्यांच्या नावानेच उच्चार करणं हा दोष. म्हणजे कवितेत 'शोक' लिहून शोक मागणं. आपल्याकडे हे पाउंडच्या आठेक शतकं आधी सांगून झालंय.

गझलवेडा

मम्मटाबद्दल माघार घेतो. बालकवींबद्दल घेत नाही.

शिसपेन्सिल

घेऊही नका, तो आक्षेप खरा आहे. त्या कवितेत 'मोद' वर-खाली भरतो, वाऱ्याबरोबर फिरतो. तिथे भावाला नुसतं नाव दिलेलं नाही, त्याला हालचाल दिली आहे. शिवाय आवर्तनं इतकी जवळजवळ येतात की ओठांनाच उड्या माराव्या लागतात. नाद पुरावा देतो, त्यामुळे शब्दाला आधार मिळतो. म्हणून बेधडक यांचा 'एकही ठेवायचं नाही' हा नियम टिकत नाही. भाववाचक शब्दामागे दुसरं काहीतरी काम करत असेल, नाद असेल, युक्तिवाद असेल किंवा आधी येऊन गेलेलं चित्र असेल, तर तो उभा राहतो. पहिलीवहीच्या कवितेत मात्र तो एकटाच उभा आहे.

बेधडक

ठीक. पण नवशिक्याला शून्याचा नियमच उपयोगी पडतो असं माझं मत आहे. अपवाद नंतर शिकता येतात. पहिल्या वीस कविता तरी एकाही भावाचं नाव न घेता लिहाव्यात.

निवेदक

विषय निघालाच आहे तर विचारतो. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभासाठी चार कडवी लिहिली आहेत. त्यात 'कृतज्ञता', 'आदर', 'स्नेह' असे शब्द आहेत. ते पण काढायचे का? समारंभ जवळ आलाय.

तिसरा_कंस

निवेदक, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे ऐकणाऱ्या सगळ्यांना तो माणूस माहीत आहे. 'आदर' म्हटलं की प्रत्येकजण आपापला प्रसंग आठवतो, पुरावा श्रोत्यांच्याच खिशात असतो. शब्द राहू द्या. फक्त चारपैकी एका कडव्यात त्यांची एकच सवय घाला, जी सभागृहात सगळ्यांनी पाहिली आहे. टाळ्या तिथेच पडतील.

पहिलीवही

झाकण्याची चाचणी करून पाहिली. सागर खरंच नव्हता. 🙂

तीन प्रश्नांची उत्तरं देते. हा माझा प्रसंग नाही, पण डोक्यात चित्र स्पष्ट होतं: आजोबा गेल्यावर नात त्यांची खोली आवरते आहे. खोलीत खुर्ची, चष्मा, काठी, घड्याळ, गोळ्यांची आठवड्याची डबी, दिवा, चपला. यावरून आज नवीन कडवं केलं:

रिकामी खुर्ची, उदास चष्मा,
भिंतीवर थांबलेलं घड्याळ,
गोळ्यांची डबी, विझला दिवा,
काठी, चपला अन् दुःखाचा गाळ.

बेधडक

हे झकास! आता दिसतंय सगळं. फक्त 'दुःखाचा' काढा.

शिसपेन्सिल

दिसतंय, पण फार दिसतंय. आणि त्यातलं बरंचसं आधीच पाहिलेलं आहे. या चार ओळींत चुका चांगल्या सापडतात, सावकाश बघू.

चार ओळींत सात वस्तू आहेत. वाचक खुर्चीवर नजर टाकतो न टाकतो तोच चष्मा येतो, तो धरावा तर घड्याळ. प्रत्येक वस्तू मागचीला पुसत जाते आणि शेवटी खोलीतल्या सामानाची यादी उरते. एवढ्या छोट्या कवितेत एकच वस्तू निवडावी, फार तर दोन, आणि तिच्याजवळ तीन-चार ओळी थांबावं.

'रिकामी खुर्ची' मूर्त आहे, पण तयार माल आहे. इतक्या ठिकाणी वापरली गेलीय की वाचक खुर्ची बघतच नाही, 'कुणीतरी गेलं' असं वाचतो आणि पुढे सरकतो. म्हणजे तीही 'दुःख' या शब्दासारखीच झाली. विझलेला दिवा, गळलेलं पान, रिकामा झोपाळा, थांबलेलं घड्याळ यांचं तेच. घड्याळ तर खोटंही आहे. माणूस गेल्याने ते थांबत नाही. बॅटरी संपल्याने थांबतं.

'उदास चष्मा' ही चोरवाट आहे. भाववाचक नाम दाराबाहेर काढलं आणि विशेषण करून खिडकीतून आत घेतलं. चष्मा उदास नसतो. त्याची एक दांडी वाकलेली असू शकते, काचेवर बोटाचा ठसा असू शकतो. दिसतं ते लिहा, उदासी वाचकाला वाटू द्या.

आणि 'गाळ' कुठून आला?

पहिलीवही

खरं सांगू? घड्याळला यमक हवं होतं.

तिसरा_कंस

वाटलंच. मराठीत हे यमकाचं दुखणं मोठं आहे आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. आपली भाववाचक नामं जुळवायला फार सोपी आहेत. भावना, वेदना, यातना, कामना, याचना: ओळीच्या शेवटी एक 'ना' ठेवला की दुसरा हजर. '-ता' आणि '-पण' वाल्यांचंही तेच. उलट डबी, फडकं, दांडी, खण यांना यमक शोधायला डोकं खाजवावं लागतं. म्हणून यमक धरून लिहायला बसलं की हात आपोआप अमूर्ताकडे वळतो, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की हे आतून आलंय.

उपाय दोन आहेत. पहिला खर्डा यमकाशिवाय आणि वृत्ताशिवाय लिहायचा. किंवा यमक हवंच असेल तर ओळीच्या शेवटी आधी वस्तू ठेवायची, मग तिच्याशी जुळणारी दुसरी वस्तू किंवा क्रियापद शोधायचं. वस्तूशी भाववाचक नाम जुळवलं की 'दुःखाचा गाळ' होतो.

ता. क. मूळ कवितेतले 'मजला', 'हे', 'त्या' हेही मात्रा भरायला आलेले पाहुणे आहेत. बोलताना तुम्ही 'मजला' म्हणत नाही.

गझलवेडा

यमकाबद्दल पटतं. गझलेत काफिया आधी ठरतो, त्यामुळे हा मोह रोजचाच. पण मग प्रश्न असा: सातपैकी कोणती वस्तू निवडायची? सगळ्याच मूर्त आहेत.

शिसपेन्सिल

हाच खरा प्रश्न आहे. 'मूर्त लिहा' एवढ्या सल्ल्याने काम अर्धवटच होतं.

माझी कसोटी अशी: वस्तूची अशी कोणती अवस्था आहे, जी फक्त या गैरहजेरीमुळेच झाली? प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारा. खुर्ची रिकामी आहे, पण ती आजोबा बाजारात गेले तरी रिकामीच असते. काठी कोपऱ्यात आहे, ती रात्रीही कोपऱ्यातच असायची. चपला दाराशी आहेत, रोजच्याच जागी. दिवा तर सगळेच विझवतात. चष्मा घडी करून ठेवलाय, ते झोपतानाही ठेवायचे.

आता गोळ्यांची डबी. आठवड्याची म्हणजे सात खण, प्रत्येकावर वार. ही एकच वस्तू अशी आहे की तिच्या आत वेळ मोजलेला आहे. काही खण रिकामे, काही भरलेले. रेषा नेमकी कुठे पडली ते दिसतं आणि त्याला दुसरं सहज कारण नाही. सातांपैकी ही ठेवा, बाकी सहा काढा.

पहिलीवही, कागदावर फक्त डबीबद्दल पाच वाक्यं लिहा. साधं गद्य, भावाचं नाव नाही, 'जणू' नाही, 'जसं' नाही. काय दिसतं, काय ऐकू येतं, हाताला काय लागतं, आणि ती मुलगी डबीशी काय करते.

बेधडक

'जणू' का नको? उपमा तर हवीच ना?

शिसपेन्सिल

पहिल्या खर्ड्यात नको. वस्तू नीट बघून व्हायच्या आत 'जणू' आलं की नजर दुसऱ्या वस्तूकडे जाते. डबी अजून दिसली नाही तोच 'जणू थडगी' आली, तर डबीही गेली आणि थडगीही उसनी. बघून झाल्यावर उपमेची गरज वाटली तर जरूर घाला.

पहिलीवही

पाच वाक्यं:

डबीला सात खण आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे आहेत. गुरुवारपासून पुढचे भरलेले आहेत. डबी उचलली की गोळ्या वाजतात. ती टेबल पुसताना डबी उचलत नाही, तिच्याभोवतीनं फडकं फिरवते.

पाचवं वाक्य लिहिताना कळलं की ही मुलगी काय करत असेल, हा विचार मी आधी केलाच नव्हता.

तिसरा_कंस

पाचवं वाक्य म्हणजे कविता आहे. पहिली चार तिथवर न्यायला लागतात.

गझलवेडा

आता मला मम्मट दिसायला लागला. डबी हा विभाव, फडकं वळवणं हा अनुभाव. आणि आवाज होऊ नये म्हणून जपणं हा व्यभिचारी भाव, शंका म्हणा किंवा त्रास म्हणजे धास्ती. शोकाचं नाव कुठेच नाही.

शिसपेन्सिल

बरोबर जोडलंत. नवकवी बहुतेक वेळा विभावावर थांबतो, वस्तू दाखवून मोकळा होतो. वस्तू असते, पण तिच्यासमोर माणूस काही करतच नाही. एक लहानशी कृती आली की वाचकाचा हातही त्याबरोबर हलतो. ही कृती रडणं, उसासा टाकणं, खिडकीबाहेर बघणं अशी नको; ती पुन्हा तयार मालच. फडकं वळवणं इतकं साधं आहे की ते कोणी मुद्दाम रचलंय असं वाटत नाही.

आता याच्या ओळी पाडा. भर घालू नका.

पहिलीवही

गोळ्यांची डबी

सात खण.
सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे.
गुरुवारपासून पुढे सगळे भरलेले.

उचलली की गोळ्या वाजतात,
म्हणून मी फडकं
तिच्याभोवतीनं फिरवते,
आणि मनात काहीतरी दाटून येतं.

बेधडक

वा! पहिल्या कवितेशी तुलनाच नाही.

तिसरा_कंस

शेवटची ओळ काढा.

पहिलीवही

का? त्यात दुःख, वेदना असा एकही शब्द नाही. मुद्दाम टाळला.

तिसरा_कंस

शब्द टाळलात, काम तेच केलंत. 'काहीतरी दाटून येतं' म्हणजे नाव पुसलेलं दुःख. फडकं वळलं तेव्हा वाचकाच्या आत जे व्हायचं ते होत असतं. त्याच क्षणी तुम्ही मध्ये येऊन सांगता की आता दाटून येऊ द्या. वाचक आज्ञेखाली आला की थंड पडतो. मागच्या सहा ओळींवरचा तुमचा अविश्वास त्या एका ओळीत दिसतो.

ही शेपटी ओळखायची खूण: ओळीत 'मन', 'काळीज', 'आत', 'नकळत' किंवा 'काहीतरी' असेल आणि ती शेवटच्या दोन ओळींत असेल, तर ती झाकून कविता वाचा. अर्थ कमी झाला नाही तर ती शेपटी.

आशावादी

मला एक शंका आहे. शेपटी काढली तर कळणार कसं की आजोबा गेले? तुम्हाला धाग्यावर सांगितलंय म्हणून माहीत आहे. मी नुसती कविता वाचली असती तर वाटलं असतं, कोणीतरी गोळ्या घ्यायला विसरतंय. किंवा माणूस इस्पितळात आहे.

शिसपेन्सिल

आशावादी, आतापर्यंतची सगळ्यात उपयोगी शंका. अमूर्त शब्द काढताना हा धोका नेहमी असतो: लिहिणाऱ्याला संदर्भ माहीत असतो, म्हणून तो पानावर आणायचाच राहतो. भाव लपवणं आणि माहिती लपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भाव सांगू नये. कोण, कुठे, केव्हा, ही माहिती मात्र सरळ सांगावी, जितकी कोरडी तितकी चांगली. त्यासाठी सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे शीर्षक. 'उदास घर' या पहिल्या शीर्षकाने भाव सांगितला होता आणि माहिती एकही दिली नव्हती. 'गोळ्यांची डबी' जे कवितेत आहेच ते परत सांगतं. शीर्षकाने असं काही सांगावं जे ओळींत नाही.

पहिलीवही

'आजोबांची डबी, रविवार' कसं वाटतं? आठवड्याच्या गोळ्या रविवारी भरायच्या असतात असं मनात आहे. म्हणजे आज भरायचा वार आहे आणि चार खण तसेच आहेत.

गझलवेडा

रविवार फार चांगला. पण 'भरायचा वार' हे तुमच्या मनात आहे, पानावर नाही. 'रविवार, डबी भरायचा वार' असं करा.

तिसरा_कंस

मग शीर्षकातून आजोबा जातात. मला वाटतं दोन्ही मावेल:

आजोबांची डबी

रविवार. भरायचा वार.
सात खण.
सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे.
गुरुवारपासून पुढे सगळे भरलेले.

उचलली की गोळ्या वाजतात,
म्हणून मी फडकं
तिच्याभोवतीनं फिरवते.

आशावादी

इस्पितळाची शक्यता अजूनही उरतेच हो. बुधवारी दाखल केलं असेल.

शिसपेन्सिल

उरते. मला ती चालते, कारण दोन्ही वाचनांत फडकं तसंच वळतं. पण ज्यांना मृत्यू नक्की हवा आहे त्यांना एक कोरडी माहिती वाढवावी लागेल.

तिसरा_कंस

मला नाही चालत. माणूस परत येणार असेल तर डबी न उचलण्याला अर्थच राहत नाही. तेव्हा उलट डबी त्याच्याकडे पोचवतात. शीर्षकात 'गेल्यानंतर' एवढा एक शब्द हवा. 'आजोबा गेल्यानंतरचा रविवार' केलं तर पहिल्या ओळीतलं 'रविवार' काढता येईल. मात्र 'भरायचा वार' एकटं राहिलं तर काय भरायचं ते कळणार नाही, तिथे 'डबी' घालावी लागेल.

बेधडक

'गेल्यानंतर' आलं की पहिल्याच क्षणी सगळं कळलं. मग खणांपर्यंत यायची ओढ कुठे राहिली? मी तरी ते शीर्षक देणार नाही.

गझलवेडा

याबाबत बेधडक यांच्या बाजूने. आणि आणखी एक, वारांची नावं तीन कशाला? 'बुधवारपर्यंत रिकामे' पुरे.

शिसपेन्सिल

तिन्ही नावं असू द्या. वाचक सोमवार, मंगळवार, बुधवार असं एकेक झाकण उघडत जातो आणि गुरुवारी अडतो. 'बुधवारपर्यंत' म्हटलं की तो हिशेब तयार मिळतो आणि अडखळायची जागा जाते. थोडक्यात लिहिणं म्हणजे कमी शब्द, असं नेहमीच नसतं.

पहिलीवही

शीर्षकाची दोन्ही रूपं लिहून ठेवली आहेत. ज्यांनी हा धागा वाचला नाही अशा दोघांना वेगवेगळी प्रत देणार आणि तेच तीन प्रश्न विचारणार. एक शंका राहिली: आता मला 'एकटेपण' या विषयावर लिहायचं आहे. तिथे तर कोणी गेलेलंच नाही, मग 'या गैरहजेरीमुळेच झाली' ही कसोटी कशी लावायची?

शिसपेन्सिल

कसोटी थोडी बदला. जे एकाला पुरतं पण दोघांसाठी केलेलं असतं, असं काय उरतं ते शोधा. एका बाजूने झिजलेली गादी, दोन किल्ल्यांपैकी कधीच न वापरलेली, नवी कोरी राहिलेली किल्ली. दहा वस्तू लिहा, विशेषणं नकोत, आणि प्रत्येकीपुढे तिची बदललेली अवस्था लिहा. ज्या वस्तूपुढे काही लिहिता येत नाही ती खोडा. पहिल्या तीन बहुधा सगळ्यांना सुचणाऱ्याच असतील, त्याही खोडा.

तिसरा_कंस

आणि यमक नंतर. 'एकटेपण'ला 'आठवण' जुळतं हे आत्ताच विसरून जा.

निवेदक

माझ्या कडव्यासाठी सवय सापडली. बैठकीत ते नेहमी पेनाचं टोपण दुसऱ्याच्या पेनाला लावून ठेवायचे. 'कृतज्ञता' तरीही ठेवतोय, शेवटच्या कडव्यात.